नागपुरात सायकलने कामावर जाताना: न्याहारी, घाम आणि संध्याकाळचं खाणंपिणं (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

एका बाजूने 10 ते 15 किलोमीटर सायकल चालवून कामावर जाणाऱ्या आणि त्याच सायकलने परतणाऱ्यांसाठी ही प्रश्नोत्तरं आहेत. भर मार्चच्या मध्यापासून मृग लागेपर्यंतच्या दिवसांवर दिला आहे. बाकीच्या महिन्यांत थोडं कमीजास्त झालं तरी शरीर चालवून घेतं, पण एप्रिल-मे महिन्यात नागपूर चालवून घेत नाही.

आकडे हवेत राहू नयेत म्हणून एकच उदाहरण शेवटपर्यंत वापरलं आहे. ओळखीतला एक गडी मनीष नगरला राहतो आणि हिंगणा एमआयडीसीत काम करतो. वर्धा रोडने छत्रपती चौक, तिथून रिंग रोडने त्रिमूर्ती नगर, मग हिंगणा टी-पॉइंट आणि पुढे एमआयडीसी, असं साधारण 13 किलोमीटर होतं. वजन 72 किलो. सकाळी आठला निघतो, संध्याकाळी साडेपाचला सुटतो.

सकाळची फेरी जास्त जड की संध्याकाळची?

संध्याकाळची, आणि फार फरकाने. तरी सगळी तयारी सकाळसाठीच केली जाते: निघताना बाटली भरायची, काहीतरी खायचं, टोपी शोधायची. आठ वाजता मे महिन्यातही हवा सोसवते आणि रात्रभराच्या झोपेनंतर अंग ताजं असतं. साडेपाचला मात्र पारा दुपारच्या उच्चांकावरून जेमतेम दोनतीन अंशांनी उतरलेला असतो आणि दिवसभर तापलेला सिमेंट रोड खालून शेक देत असतो. त्यात जेवून चारपाच तास झालेले आणि एसीत बसून पाणी प्यायचं राहून गेलेलं. म्हणून खाण्यापिण्याचं गणित संध्याकाळपासून उलटं मांडत सकाळपर्यंत यावं.

माझा घाम नेमका किती जातो, हे घरी कसं कळेल?

वजनकाट्यावर. घामाने गेलेलं एक किलो वजन म्हणजे जवळपास एक लिटर पाणी, इतका साधा हिशेब आहे. अडचण अशी की घरचा काटा आणि ऑफिसच्या डिस्पॅचमधला काटा कधीच जुळत नाहीत. घरून निघताना एकावर आणि पोचल्यावर दुसऱ्यावर वजन केलं तर घाम मोजला जात नाही, दोन काट्यांमधला फरक मोजला जातो. त्यामुळे हे मोजमाप सुट्टीच्या दिवशी करायचं. ज्या वेळी तुम्ही एरवी सायकलवर असता त्याच वेळी, तितकाच वेळ, नेहमीच्या वेगाने गोल फेरी मारून घरीच परत यायचं.

निघण्याआधी लघवीला जाऊन यायचं आणि कमीत कमी कपड्यांत वजन करायचं. बाटलीत किती पाणी आहे ते मोजून ठेवायचं. परत आल्यावर ओले कपडे काढून, टॉवेलने अंग पुसून, काहीही पिण्याआधी पुन्हा वजन. ओला शर्ट अंगावर ठेवलात तर त्यातलं पाणी वजनात मोजलं जातं आणि घाम कमी दिसतो.

आपल्या गड्याने मे महिन्यातल्या एका रविवारी साडेपाचला फेरी मारली. जाताना वजन 72.0 किलो, 50 मिनिटांनी आल्यावर 71.2. वाटेत अर्धा लिटर पाणी पोटात गेलं होतं. म्हणजे वजन घटलं 800 ग्रॅम, त्यात प्यायलेलं अर्धा लिटर मिळवलं की घाम झाला 1.3 लिटर. सकाळी आठच्या फेरीत हाच आकडा 0.7 लिटर आला. माणूस तोच आणि वेगही तोच, तरी घाम जवळजवळ दुप्पट.

तुमचा आकडा वेगळाच येईल. शेजारी सायकल चालवणाऱ्याचा अर्धा किंवा दीडपटही असू शकतो, त्यामुळे दुसऱ्याचा आकडा उसना घेऊ नका. आणि काटा 100 ग्रॅमपर्यंत तरी दाखवणारा हवा. अर्ध्या किलोच्या टप्प्याने सरकणारा जुना सुईचा काटा इथे कामाचा नाही.

मे महिन्यात शर्ट कोरडा राहतो, जुलैत चिंब भिजतो. मग घाम पावसाळ्यात जास्त येतो का?

इथेच बहुतेक जण फसतात. नागपूरचा उन्हाळा कोरडा. घाम कातडीवर आला की वाऱ्याने लगेच उडून जातो, दिसतच नाही. जुलैत हवा आधीच दमट असते, घाम उडत नाही, मग तो शर्टात मुरतो आणि कोपरावरून ठिबकतो. दिसणारा घाम आणि गेलेला घाम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मे महिन्यात शर्टाकडे वेगळ्या नजरेने बघा. गडद रंगाचा शर्ट घरी येऊन खुंटीला टांगलात की पाठीवर, बॅगेच्या पट्ट्यांखाली आणि हेल्मेटच्या दोरीवर पांढऱ्या कडा उमटलेल्या दिसतात. पाणी उडालं आणि मीठ मागे राहिलं, त्याच्या या खुणा. ज्यांच्या शर्टावर त्या ठळक उमटतात आणि ज्यांच्या डोळ्यांत घाम चरचरतो, त्यांच्या घामात मीठ जास्त असतं. पुढे मिठाचं जे सांगितलं आहे ते अशांनी नीट वाचावं.

सकाळी निघण्याआधी तर्री पोहे खाल्ले तर चालतील का?

खा, पण पोचल्यावर. पोह्यांबद्दल काही तक्रार नाही, सकाळच्या सायकलीला पोह्यांसारखं पिष्टमय खाणं उत्तमच. अडचण तर्रीची आहे. वर तरंगणारं तेल पोट हळू रिकामं होऊ देतं, तिखट आणि चणे पोटात फिरत राहतात, आणि हँडलवर ओणवं झालं की छत्रपती चौकापर्यंत सगळं घशाशी येतं. मग पुढचा तासभर आंबट ढेकर.

तेरा किलोमीटरच्या सकाळच्या फेरीला साधारण 300 कॅलरी लागतात. रात्री नीट जेवला असाल तर एवढी शिदोरी स्नायूंत साठवलेली असतेच, त्यामुळे निघण्याआधी भरपेट खायची गरज नाही. आपला गडी सातच्या सुमारास एक केळं नाहीतर दोनतीन खजूर आणि अर्धा कप चहा घेतो, वर ग्लासभर पाणी. खरी न्याहारी पोचल्यावर, हातपाय धुऊन, पाऊण तासाच्या आत. त्या वेळी तर्री पोहे जरूर, वर लिंबू पिळून. फक्त पोह्यांत प्रथिनं थोडी असतात. सोबत दोन उकडलेली अंडी किंवा मूठभर फुटाणे-शेंगदाणे घेतले तर अकराच्या चहाला समोशाकडे हात जात नाही.

ज्यांना घरूनच खाऊन निघायचं आहे त्यांनी तास-दीड तास आधी, कमी तेलाचे पोहे, उपमा किंवा भाकरी-दूध घ्यावं. उन्हाळ्यात आणखी एक जुना आणि फार शहाणा पर्याय म्हणजे ज्वारीची आंबील. दोन मोठे चमचे ज्वारीचं पीठ रात्री ताकात कालवून ठेवायचं, सकाळी पाणी घालून शिजवायचं, त्यात मीठ, जिरं आणि ठेचलेला लसूण. एका वाडग्यात पाणी, मीठ आणि पिष्ट तिन्ही मिळतं, पोटाला हलकं लागतं. आजीच्या काळात शेतावर जाणाऱ्यांना हे का देत असत ते पहिल्याच आठवड्यात कळतं.

रिकाम्या पोटी गेलं तर वजन लवकर उतरेल ना?

पाऊण तासाच्या फेरीने फारसा फरक पडत नाही. पडतो तो दुपारी, दुप्पट जेवल्याने. ज्यांना उपाशी पोटी सायकल चालवून चक्कर येत नाही त्यांनी खुशाल जावं, पण पाणी पिऊन.

बाटलीत नुसतं पाणी भरू की लिंबू-मीठ-साखर?

सकाळच्या फेरीला नुसतं पाणी पुरे. संध्याकाळी, ऊन तापल्यापासून, मीठ-साखरेचं घ्या. अर्धा लिटर पाण्यात तीन ते चार सपाट चहाचे चमचे साखर, दोन चिमूट मीठ आणि अर्धं लिंबू. जुलाबात घरी देतात त्या साखर-मिठाच्या पाण्यात लिटरला सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ असतं. सायकलीसाठी मीठ त्याच्या निम्मं धरलं तरी चालतं. थोडी साखर आणि मीठ एकत्र असलं की आतडं पाणी चटकन ओढून घेतं.

जास्त घालायचा मोह टाळा. घरचं पन्हं आपण चवीसाठी इतकं गोड करतो की ते पोटात रेंगाळतं आणि सायकलवर डचमळतं. बाटलीत भरायचं असेल तर त्यात तेवढंच पाणी आणखी मिसळा. चव फिकी वाटेल, काम नीट होईल.

आणि हे आंबट पाणी तांब्याच्या बाटलीत कधीही भरू नका. लिंबू, कैरी, ताक यांनी तांबं विरघळून पाण्यात उतरतं आणि मळमळ सुरू होते. मग लोक उन्हाला दोष देतात. स्टीलची थर्मास बाटली सगळ्यांत बरी. साध्या प्लास्टिकच्या बाटलीतलं पाणी त्रिमूर्ती नगर येईपर्यंत चहाला आधण ठेवल्यासारखं होतं, ते कोणी पीत नाही, आणि भरलेली बाटली तशीच घरी परत येते.

नारळपाणी, उसाचा रस, संत्री यांनी काम भागतं का?

नारळपाण्यात पोटॅशियम भरपूर, सोडियम कमी. घामातून जातं मुख्यतः सोडियम, म्हणजे मीठच. त्यामुळे नारळपाणी चांगलं असलं तरी मिठाची भरपाई करत नाही. सोबत फुटाणे खारे घ्या. रसवंतीवरचा रस घरी पोचायच्या वेळी ठीक, लिंबू आणि काळं मीठ टाकून. पण तो गोड असतो, मोठा ग्लास घेतलात तर त्या फेरीतल्या कॅलरींपैकी बऱ्याच तिथेच परत आल्या. बर्फ कुठल्या पाण्याचा आहे हे कळत नसेल तर बर्फाशिवाय मागा.

संत्र्याचं दुखणं हेच की ते हवं तेव्हा नसतं. आंबिया बहाराची संत्री हिवाळ्याच्या तोंडाशी येतात, मृगाची फेब्रुवारी-मार्चमध्ये, आणि ऐन मे महिन्यात बाजारात चांगलं संत्रं मिळणं मुश्किल. तेव्हा टरबूज आणि डांगर.

ऑफिसात दुपारी काय प्यायचं? तिथे तर तहानच लागत नाही.

या अख्ख्या पानावरचं सगळ्यांत महत्त्वाचं उत्तर हेच. एसीत किंवा कूलरपुढे तहान दबते. दुपारच्या जेवणाबरोबर ग्लासभर पाणी आणि नंतर दोन चहा, एवढ्यावर अनेकांचं पाच वाजेपर्यंत निभतं.

आता आपल्या गड्याचा हिशेब करा. वजनाच्या दोन टक्के पाणी कमी झालं की पाय जड होतात, नाडी वाढते, डोकं दुखू लागतं. 72 किलोला दोन टक्के म्हणजे 1.4 लिटरच्या आसपास. तो पाण्याने भरलेला निघाला तर 1.3 लिटर घाम जाऊन, अर्धा लिटर पिऊन, घरी 800 ग्रॅमच्या तुटीत पोचतो. यात काही धोका नाही. पण ऑफिसातूनच 800 ग्रॅमच्या तुटीत निघाला तर घरी पोचेपर्यंत तूट 1.6 लिटर होते आणि हिंगणा टी-पॉइंटनंतरच त्याला कळतं की आज काहीतरी बिनसलंय. रस्ता तोच असतो, बिनसतं ते दुपारी तीनला.

म्हणून तीन-साडेतीनच्या सुमारास 400 ते 500 मिली, घाईने नाही, वीसेक मिनिटांत. मीठ-जिऱ्याचं ताक असेल तर उत्तम. सोबत थोडं खाणं हवं: फुटाणे, केळं, किंवा डब्यातली उरलेली पोळी गुळाबरोबर. खाण्यासोबत घेतलेलं पाणी अंगात टिकतं, नुसतं ढोसलेलं पाणी बाथरूमला जाऊन संपतं. निघण्याआधी एकदा लघवीला होऊन रंग फिका असेल तर तुम्ही तयार आहात. नसेल तर आणखी एक ग्लास, आणि दहा मिनिटं उशिरा निघा.

चहाने अंगातलं पाणी जातं, ही समजूत मात्र सोडून द्या. रोज चहा पिणाऱ्याच्या बाबतीत चहातलं बहुतेक पाणी अंगी लागतंच.

वाटेत किती वेळा थांबून प्यावं?

तहान लागेपर्यंत वाट न बघता, दर चौथ्या-पाचव्या किलोमीटरला चारपाच घोट. सिग्नल हीच आठवण समजा. तासाभराच्या फेरीत अर्ध्या लिटरपेक्षा जास्त प्यायची गरज सहसा पडत नाही.

उन्हातून आल्या आल्या पाणी पिऊ नये म्हणतात. खरं का?

घरोघरी आई हेच सांगते, आणि त्यात थोडं तथ्य आहे. तापलेल्या अंगाने फ्रिजचं लिटरभर पाणी एका दमात ओतलं तर मळमळतं, कधी उलटीही होते. पण त्यावरून अर्धा तास कोरडं बसायचं असा अर्थ काढू नका. हेल्मेट काढा, पंख्याखाली बसा, तोंडावर पाणी मारा, आणि माठातलं पाणी घोटघोट प्यायला सुरुवात करा. पाहुण्याला गूळपाणी द्यायची आपली पद्धत इथे चपखल बसते.

किती प्यायचं? फेरीनंतर जितकं वजन कमी भरलं त्याच्या सव्वा ते दीडपट, कारण थोडं लघवीवाटे जाणारच. आपल्या गड्याला 800 ग्रॅमची तूट, म्हणजे झोपेपर्यंत लिटर ते सव्वा लिटर. यात ताक, वरण, रसभाजी, टरबूज सगळं धरायचं. पोचल्यावर मिठाचं लिंबूसरबत 300 मिली, जेवणात वाडगाभर ताक, आणि उरलेलं पाणी निवांत. झोपताना तांब्याभर पिऊन कसर भरून काढू नका, रात्री दोनदा उठावं लागेल.

रात्री काय जेवावं? प्रोटीन पावडर लागते का?

26 किलोमीटर रोज चालवणाऱ्याला पावडरीची गरज नाही, नीट जेवणाची आहे. उद्या सकाळची शिदोरी आज रात्री भरली जाते, त्यामुळे पोळी-भाकरी किंवा भात कमी करून नुसती भाजी खाणाऱ्याचे पाय तिसऱ्या-चौथ्या दिवशी भरून येतात. दोन ज्वारीच्या भाकऱ्या, वाटीभर घट्ट वरण, झुणका आणि ताक, एवढ्यात पंचवीस ग्रॅमच्या आसपास प्रथिनं होतात. मांसाहार करत असाल तर झुणक्याच्या जागी अंडाकरी किंवा चिकन.

फेरी संपल्यावर अर्ध्या तासात खाल्लंच पाहिजे, ही धास्ती शर्यतवाल्यांना असू द्या. दोन तासांत जेवण होणार असेल तर पुरे. उलट पोचल्या पोचल्या जी भूक लागते ती बरेचदा तहान असते. सरबत पिऊन पंधरा मिनिटं थांबा, मग ठरवा. रोज संध्याकाळी आलुबोंडा खाऊन सायकलीने वजन का उतरत नाही, असं विचारणाऱ्यांसाठी हेच उत्तर.

पाणी कमी पडतंय हे कसं ओळखावं? आणि जास्त होतंय हे?

सकाळची पहिली लघवी बघा आणि उठल्यावरचं वजन. लघवी गडद आणि वजन नेहमीपेक्षा किलोभर कमी, अशी दोन्ही एकत्र आली की काल भरपाई झालेली नाही. बी-कॉम्प्लेक्सची गोळी घेत असाल तर लघवी तशीही पिवळीजर्द होते, तेव्हा रंगावर जाऊ नका.

जास्तीचं पाणीही त्रास देतं. उन्हाच्या भीतीने दिवसभर पाच-सहा लिटर नुसतं पाणी पिणाऱ्याच्या रक्तातलं सोडियम पातळ होऊ शकतं. डोकं दुखतं, मळमळतं, बोटांतली अंगठी घट्ट होते, आणि माणूस हे ऊन लागल्याचं समजून आणखी पाणी पितो. फरक काट्यावर कळतो: फेरीनंतर वजन वाढलेलं दिसलं तर तुम्ही गरजेपेक्षा जास्त प्यायलात.

पायात गोळे आले तर मात्र लगेच मिठाच्या मागे लागू नका. त्यामागे बहुधा थकलेला स्नायू असतो. उतरा, पाय ताणा, मग प्या.

वाटेत ऊन लागल्यासारखं झालं तर?

अंगावर काटा आला, घेरी आली किंवा उन्हात असूनही थंडी वाजली तर तिथेच थांबायचं. सावली, ओला दुपट्टा मानेवर आणि काखेत, मीठ-साखरेचं पाणी घोटघोट. अर्ध्या तासात बरं वाटलं तरी उरलेला रस्ता सायकलने कापू नका, ऑटो किंवा हिंगणा रोडवरून मेट्रो घ्या. माणूस असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या जाऊ लागला किंवा अंग भट्टीसारखं तापलं तर तो उष्माघात. 108 ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत अंगावर पाणी ओतत राहा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी घालू नका. खिशातल्या कांद्याने ऊन लागत नाही, असं मानून निघणारे आपल्याकडे आहेतच. कांदा असू द्या, बाटलीही असू द्या.

उपवासाच्या दिवशी?

चैत्र नवरात्र ऐन तापायच्या वेळी येतं. सैंधव चालत असेल तर प्रश्न निम्मा सुटला, कारण सैंधवही बहुतांश सोडियम क्लोराइडच आहे, बाटलीत तेच घाला. साबुदाण्याची खिचडी पिष्टमय असते पण तुपा-शेंगदाण्याने जड, म्हणून ती पोचल्यावर. निर्जळी उपवास असेल त्या दिवशी सायकल घरीच ठेवा.

बीपी किंवा शुगर असलेल्यांनी हे सगळं पाळावं का?

जसंच्या तसं नाही. बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, किंवा मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा त्रास असेल, तर मीठ आणि पाणी दोन्हींचं प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्या. जाताना वरच्यासारखा आपला मोजलेला घामाचा आकडा सोबत न्या, त्यांनाही सांगणं सोपं जातं. इन्सुलिन किंवा शुगर झपाट्याने उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी सकाळी उपाशी निघू नये आणि खिशात ग्लुकोजच्या गोळ्या किंवा साखरेच्या पुड्या ठेवाव्यात. हात कापणं आणि दरदरून घाम ही शुगर उतरल्याचीही लक्षणं आहेत, आणि मे महिन्यात ती उन्हाच्या नावावर सहज खपून जातात. शंका आली की आधी साखर खा.